गाठ नसलेला टाका

पंच नीडलच्या कामात गाठ कुठेच नसते. आरीकामात निदान पुढचा टाका मागच्या टाक्याला धरून ठेवतो. इथे तेवढाही आधार नाही. ताणलेल्या कापडात पोकळ सुई खुपसली की पलीकडे लोकरीचा लूप राहतो, सुई मागे घेतली की कापडाचे उभेआडवे धागे परत जवळ येतात आणि त्या लोकरीला आवळतात. सगळी नक्षी या आवळण्यावर उभी असते. त्यामुळे एखादं टोक ओढलं तर अख्खी ओळ सरसर उसवते.

लूपची उंची हाताने ठरवायची नसते, ती सुईच ठरवते. सुई मुठीपर्यंत, म्हणजे पुढे जाणं थांबेपर्यंत खुपसायची. नाक्यापासून मुठीपर्यंतचं अंतर जवळपास लूपएवढं असतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या एमी ऑक्सफर्ड यांनी घडवलेल्या सुया ठरावीक मापाच्या मिळतात. त्यांतली दहा नंबरची पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर उंचीचा लूप देते. आपल्याकडे जास्त दिसतात त्या प्लास्टिकच्या, लांबी कमीजास्त करता येणाऱ्या सुया. त्या स्वस्त आणि सोयीच्या खऱ्या, पण त्यांचा खटका काम करता करता सरकतो, म्हणून माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. मूळ कामाला हात घालण्याआधी कडेच्या कापडावर एक ओळ मारून लूप पट्टीने मोजावेत, आणि मधूनमधून पुन्हा मोजावेत.

आता हिशेब बघू. लूप ६ मिलिमीटरचा, म्हणजे लोकर खाली ६ आणि वर ६ अशी १२ मिलिमीटर जाते. पुढच्या टाक्यापर्यंत ४ मिलिमीटर धरले, तर एका टाक्याला १६ मिलिमीटर लोकर लागते. दहा सेंटिमीटरच्या ओळीत असे २५ टाके, म्हणजे ४० सेंटिमीटर लोकर. सुई दर टाक्याला ही लोकर मागते. गुंडा मांडीखाली अडकला, लोकर रिंगच्या कडेला घासली किंवा सुईच्या नळीला जाड पडली, तर ती गुंड्याकडून येत नाही. मग ती सगळ्यात सोप्या जागेतून येते: नुकत्याच घातलेल्या लूपमधून. तो आखडतो, कधी पुरता निघून येतो.

गोम अशी की आपण काम करतो कापडाच्या मागच्या बाजूने. तिथले आडवे टाके एकसारखे दिसतात, आणि पुढे लूप बुटके झाले आहेत हे कळतच नाही. म्हणून लोकर आधीच हातभर सैल सोडून ठेवावी आणि खालून मधूनमधून तळवा फिरवावा. जिथे टक्कल लागेल तिथे बिनसलंय.

दुसरा घोटाळा सुई वर घेताना होतो. शिवणकामाच्या सवयीने हात सुई उंच उचलतो, आणि तेवढीच लोकर लूपमधून बाहेर येते. सुईचं टोक कापडावर जेमतेम यावं आणि तिथूनच घासत पुढच्या जागी जावं. सुईची खाचेची बाजू नेहमी आपण चाललो त्या दिशेला. वळणावर सुई किंवा रिंग फिरवायची.

कापड सैल असेल तर मात्र यातलं काहीच नीट जमत नाही. सैल कापड सुईबरोबर खाली दबतं, मग सुईला चिकटून वर येतं, आणि टोक कधी सुटलं हे हाताला कळत नाही. कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताणलेलं हवं आणि कामाच्या मध्येही पुन्हा ताणायला हवं. निवडताना त्यात सुई खुपसून काढावी आणि भोकावर नख फिरवावं. धागे सरकून भोक बुजलं तर कापड चालेल. भोक तसंच राहिलं तर ते लूप धरणार नाही. परदेशात यासाठी मंक्स क्लॉथ वापरतात. ते जाड सुती कापड इंचाला साधारण १२-१३ घरांचं असतं. दोन-दोन घरं सोडून टाका घेतला की इंचाला सहा टाके बसतात आणि शेजारचे लूप एकमेकांना दाटीने धरतात. फार दाटी केली तर काम रिंगमधून काढल्यावर कडेने वळतं.

ओळ संपवताना सुई पूर्ण आत असतानाच थांबावं, मागच्या बाजूने लोकर बोटाने दाबून धरावी, मग सुई काढून लोकर कापावी. टोकं पुढच्या बाजूला काढून लूपच्या उंचीला कातरावीत. चूक उसवली तर त्या जागी सुईच्या टोकाने धागे सारून भोकं बुजवावीत, मगच पुन्हा टाके घालावेत.

भिंतीवरच्या चौकटीला एवढं पुरतं. पिशवी किंवा उशी रोज हाताळली जाते, बांगडीत लूप अडकतो. तिथे मागून इस्त्रीने चिकटणारं बकरम लावावं. इस्त्री मागूनच आणि खाली जाड टॉवेल घालून करावी, नाहीतर लूप चेपतात.