दहा मुलं आणि एक कच्चा पेपर

फेब्रुवारी 2023 मध्ये राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजी पेपरात कवितेवरचे काही प्रश्न सदोष छापले गेले आणि मंडळाला त्यांचे 6 गुण द्यावे लागले. अशा चुकीची बातमी होते, कारण ती कुणालाही दिसते आणि छपाईआधी आणखी एकदा नजर फिरवली असती तर ती सापडलीही असती. पण प्रश्नपत्रिकेत दुसऱ्या जातीच्या चुकाही असतात. व्याकरण बरोबर, उत्तरसूची बरोबर, छपाई स्वच्छ, आणि तरी प्रश्न बिघडलेला! ही चूक पेपर काढणाऱ्याला शंभरदा वाचूनही दिसत नाही, कारण आपल्याला काय विचारायचं होतं हे त्याला आधीच ठाऊक असतं. ती दिसायला ते ठाऊक नसलेलं मूल समोर बसावं लागतं.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या धर्तीवर चार-पाच शाळांचे शिक्षक मिळून एक सराव पेपर काढत आहेत, असं समजू. पहिल्या पेपरचा साचा ठरलेला: मराठीचे 25 आणि गणिताचे 50 असे 75 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 72 सेकंद. त्यातच वाचायचं, कच्चं काम करायचं आणि उत्तरपत्रिकेवरचा गोळाही रंगवायचा. हा पेपर सगळ्या शाळांत जाण्याआधी दहा मुलांकडून सोडवून घ्यायचा आहे.

मुलं निवडताना पहिली चूक होते. पेपर ‘तपासायला’ म्हणून वर्गातली हुशार मुलं बोलावली जातात. ही मुलं मोडकातोडका प्रश्नही समजून घेतात, शिक्षकांच्या मनातलं ओळखतात आणि पेपर निर्दोष ठरतो. म्हणून तीन हुशार, चार मधली आणि तीन मागे पडणारी, अशी टोळी हवी. त्यातलं एखादं मूल तरी घरी वेगळी बोली बोलणारं असावं. आणि हा पेपर ज्यांना पुढे द्यायचा आहे, त्यांतलं कुणीही नको. त्यासाठी सराव परीक्षेत नसलेली दूरची एखादी शाळा बरी. वरच्या इयत्तेची मुलं सहज मिळतात, पण त्यांचा हात जलद चालतो आणि भागही शिकून झालेला असतो. त्यामुळे त्यांच्याकडून शब्दांचा घोळ कळेल, वेळेचा अंदाज मात्र फसेल. शेवटी सगळे पेपर मोजून परत घ्यायचे.

वेळ मोजायची एक सोपी रीत आहे. दर 15 मिनिटांनी ‘रेघ’ म्हणायचं आणि मुलांनी त्या क्षणी जिथे असतील त्या प्रश्नाखाली रेघ ओढायची. हिशोबाने अर्ध्या तासाला 25वा प्रश्न यायला हवा. समजा, बहुतेकांची दुसरी रेघ 17व्या-18व्या प्रश्नाखाली आली. मागे जाऊन पाहिलं तर कारण सापडतं: पहिला उतारा 25 ओळींचा आहे आणि त्यावर प्रश्न फक्त तीन. एवढं वाचन तीन प्रश्नांसाठी परवडत नाही. उतारा निम्मा करा किंवा त्यावरचे प्रश्न वाढवा. एकूण वेळ कमी पडला एवढंच कळलं असतं, तर कुणीतरी गणिताचे अवघड प्रश्न काढून टाकले असते आणि दुखणं तसंच राहिलं असतं.

नव्वद मिनिटं संपली की निळं पेन खाली ठेवायला सांगायचं आणि लाल पेन देऊन उरलेलं सोडवू द्यायचं. शेवटचे बारा प्रश्न राहिलेल्या मुलाने लाल पेनने त्यातले नऊ बरोबर सोडवले, तर त्याला गणित येत होतं, वेळ पुरला नाही. लाल पेनानेही ते चुकले, तर वेळ वाढवून उपयोग नव्हता. निकालाच्या कागदावर ही दोन्ही मुलं सारखीच दिसतात.

पेपर चालू असताना मूल हात वर करून विचारतं, “सर, इथे काय करायचं?” त्याला समजावून सांगायचा मोह टाळायचा. “तुला जसं वाटतं तसं कर,” म्हणायचं आणि प्रश्नाचा क्रमांक व मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्यायचे. परीक्षेच्या दिवशी समजावायला कुणी नसणार.

खरा माल मिळतो तो नंतरच्या गप्पांत. मुलाला एकेक प्रश्न दाखवून दोनच गोष्टी विचारायच्या: हा प्रश्न तुझ्या शब्दांत सांग, आणि हे उत्तर का निवडलंस? हा प्रश्न बघा:

“100 मीटर लांबीच्या रस्त्याच्या कडेला दर 5 मीटरवर एक झाड लावले. एकूण झाडे किती? (1) 20 (2) 21 (3) 40 (4) 42”

उत्तरसूचीत 21 आहे. एक मुलगी 42 म्हणते. का? “रस्त्याला दोन कडा असतात.” दुसरा 20 म्हणतो, कारण रस्ता चौकात सुरू होतो आणि चौकात झाड कसं लावणार? दोन्ही कडा धरून चौक सोडणाऱ्याला 40 मिळतात. चारही पर्यायांना बाजू आहे! उत्तर चुकलेली ही मुलं विचारात चुकलेली नाहीत. प्रश्न असा हवा: “100 मीटर लांबीच्या सरळ रस्त्याच्या एकाच बाजूला, दोन्ही टोकांना झाड येईल अशा रीतीने दर 5 मीटरवर एक झाड लावले.”

याच्या उलट गंमत परिमितीच्या प्रश्नात होते. आयताची लांबी 6 सेमी, रुंदी 3 सेमी, तर परिमिती किती? दहाही जणांनी 18 लिहिलं, शिक्षक खूश. “कसं काढलंस?” विचारल्यावर चार जण सांगतात, “सहा त्रिक अठरा.” त्यांनी क्षेत्रफळ काढलं होतं, आणि या मापांत दोन्हींचा आकडा एकच येतो. लांबी 7 सेमी करून टाकली की परिमिती 20 आणि क्षेत्रफळ 21. आता 21 हा पर्याय दिला की घोटाळा कोणाचा होतोय ते कळेल. नुसते गुण मोजले असते तर हा प्रश्न पेपरातला सर्वांत चांगला ठरला असता.

दहा मुलांकडून टक्केवारी मात्र मागू नये. दहांपैकी सात जणांना एखादा प्रश्न आला, म्हणून तो 70 टक्के मुलांना येईल असं नाही. इतक्या छोट्या टोळीवरून खरा आकडा 40 ते 90 टक्क्यांत कुठेही असू शकतो. प्रश्न किती अवघड, तो हुशार आणि कच्च्या मुलांत फरक करतो का, हे ठरवायला शेकड्यांनी मुलं लागतात. अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेत त्यासाठी खऱ्या पेपरातच गुण न धरले जाणारे काही प्रश्न मिसळलेले असतात. ते कोणते, हे विद्यार्थ्याला कळत नाही, आणि गुप्तताही राहते. सराव परीक्षा घेणाऱ्यांना हे जमणारं नाही. त्यांच्या हाती दहा मुलं आहेत आणि त्यांनी दिलेली कारणं आहेत.

दुरुस्तीनंतर आणखी एक काम उरतं. शब्द बदललेला प्रश्न हा नवा प्रश्न असतो, आणि नवी वाक्यं घाईत लिहिलेली असतात. वरच्या झाडांच्या प्रश्नात ‘टोक’ म्हणजे काय हे एखाद्याला कळलं नाही तर? म्हणून बदललेले पाच-सात प्रश्न तेवढेच वेगळ्या कागदावर काढून, पहिल्या टोळीत नसलेल्या दोन-तीन मुलांना द्यायचे. मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं पुरतात.