नहपानाच्या चेहऱ्यावरचा ठसा

(एका वस्तुसंग्रहालयाच्या नाणेविभागाचे अभिरक्षक निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांपुढे बोलले, त्याचा हा मजकूर.)

मित्रहो, निरोपाच्या भाषणात माणसं आपल्या कारकिर्दीबद्दल बोलतात. माझी कारकीर्द लोखंडी कपाटातल्या काही खणांत मावते, म्हणून त्या खणांबद्दलच बोलतो. आभारही त्याच ओघात मानेन. खणांत आज जे धड आहे ते मी एकट्याने राखलेलं नाही.

आपल्याकडे येणारे पाहुणे सोन्याचा होन कुठे आहे ते आधी विचारतात. माझा जीव मात्र दोन ग्रॅमच्या आसपास वजनाच्या चांदीच्या नाण्यांत अडकला. ती नहपानाची नाणी. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलं, की गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात घराण्याचा पाडाव केला. त्याला लेण्यातला पुरावा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, त्याची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तसं कोरून ठेवलं आहे. पण आईने लेकाचं कौतुक करायचंच. त्या कौतुकाला साक्षीदार मिळाला तो १९०६ साली, नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात. जमिनीतून तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी १९०८ मध्ये या साठ्यावर सविस्तर निबंध छापला. त्याआधी नहपानाची नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माहीत होती.

नव्या मुलांना मी यातलं एक नाणं नेहमी हातात देतो, म्हणजे खरं तर हातात देत नाही. खाली मऊ कापड पसरून, कडेने धरून बघायला सांगतो. वरच्या दिव्याच्या उजेडात एका बाजूला तीन कमानींची टेकडी दिसते, तिलाच आपण चैत्य म्हणतो. भोवती ब्राह्मी अक्षरांत सातकर्णीचं नाव. दुसऱ्या बाजूला चार गोळे जोडणारं उज्जयिनी चिन्ह. मुलं लिहून घेतात : सातवाहन नाणं. मग मी वरचा दिवा बंद करून छोटा दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आडवा धरतो आणि नाणं हळूहळू फिरवायला सांगतो. सावल्या लांबतात तसं टेकडीच्या कमानीखालून एक नाक वर येतं, मग कान, मग मानेवरचे केस. कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे दिसतात. भाषा प्राकृतच, फक्त लिपी ग्रीक. पाठीमागे उज्जयिनी चिन्हाखाली बाणाचं टोक आणि वज्र. हा सगळा नहपान आहे. नाणं वितळवलं नाही, गरम करून नवं पाडलं नाही. आहे त्याच नाण्यावर दुसऱ्या राजाने साचा ठोकला.

एका नाण्याचं हे झालं. साठा एकत्र पाहिला की आणखी कळतं. नहपान आणि सातकर्णी यांच्यामध्ये दुसऱ्या कुणाचं राज्य असतं, तर त्याची चार नाणी तरी त्या ढिगात निघाली असती. ती नाहीत. म्हणजे सातकर्णीच्या हाती जे चलन आलं ते थेट नहपानाचं. आणि ज्या सुमारे चार हजार नाण्यांवर नवी छाप नाही, ती सांगतात की पुन्हा छापायचं काम पुरं होण्याआधीच हा साठा जमिनीत गेला, किंवा जुनी नाणी बाजारात तशीच चालत होती. यातलं कुठलं खरं, यावर मी ठाम बोलणार नाही. नहपानाच्या काळाबद्दलही विद्वान अजून भांडतात. लेखांत ४१ ते ४६ ही वर्षं येतात, पण ती शक संवताची की त्याच्या राज्याची, हे नाणं सांगत नाही. नाण्यावर वर्षच नाही. चेहरेसुद्धा एकसारखे नाहीत, कुठे तरणा, कुठे गाल बसलेला म्हातारा. स्कॉट यांना तर हे एकाच घराण्यातले अनेक जण असावेत असं वाटलं होतं.

आता कपाटाकडे. आपल्या जुन्या लाकडी कपाटाच्या खालच्या खणात सातवाहनांची शिशाची नाणी होती. एका पावसाळ्यानंतर त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसली. झाडलोट करणाऱ्या मावशींनी ती प्रथम पाहिली आणि पुसली नाही, बोलावणं पाठवलं. त्यांचे आभार मी सगळ्यांत आधी मानतो, कारण पुसली असती तर नाण्याची अक्षरंही फडक्याबरोबर गेली असती. शिवाय शिशाची भुकटी श्वासात जाणं वाईट. लाकडातून आणि प्लायवुडच्या डिंकातून आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. बंद खणात ती साचते, शिसं तिला बळी पडतं आणि त्याचं पांढरं कार्बोनेट होतं. चांदीला त्याच खणात फारसं काही होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला संशय आला नाही. रसायनशाळेतल्या मॅडमनी कारण शोधलं, आपल्या सुतारकाकांनी स्वतः केलेलं कपाट स्वतःच बाद ठरवलं, आणि लोखंडी कपाट मंजूर होईपर्यंत लेखा विभागाने माझं तोंड किती वेळा पाहिलं, ते त्यांनाच ठाऊक.

तांब्याचा रोग वेगळा. शिवराईवरचा गडद, घट्ट हिरवा थर म्हणजे नाण्याचं कवच, त्याला हात लावायचा नाही. फिकट, पोपटी, भुसभुशीत ठिपके दिसले आणि सुईच्या टोकाने ते पावडरीसारखे सुटले तर धोका. मातीतला क्षार नाण्यात मुरलेला असतो, आणि दमट हवा मिळाली की तो आतून तांबं खात जातो. असं नाणं लगेच वेगळं काढून सिलिका जेलबरोबर कोरड्या डबीत ठेवायचं. रात्रपाळीचे आपले पहारेकरी पावसाळ्यात आर्द्रतामापकाचा आकडा न चुकता वहीत लिहितात. त्या वहीमुळे किती शिवरायांच्या अंगावरचे ठिपके वेळेत कळले, हे पाहुण्यांना कधी समजणार नाही.

आणि शेवटी नोंदवही. वजन, व्यास, कुठून आलं, कुणी दिलं, कोणत्या साठ्यातलं. जुन्या प्रथेप्रमाणे असे साठे वेगवेगळ्या संग्रहालयांत वाटले जात, आणि वाटताना चिठ्ठी हरवली की नाणं पोरकं. ‘जोगलटेंभी’ असं लिहिलेलं नाणं इतिहास सांगतं. तेच नाणं त्या शब्दाविना दोन ग्रॅम चांदी आणि एक सुंदर चेहरा. कार्यालयातल्या ज्या ताईंनी फाटक्या वह्यांतला अक्षर न अक्षर संगणकावर चढवला, त्यांनी माझ्यापेक्षा जास्त नाणी वाचवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एकच विनंती, तुम्हाला आणि तुमच्यामार्फत गावोगावच्या लोकांना. नांगराच्या फाळाला मडकं लागलं, तर नाणी चिंचेने, लिंबाने, राखेने घासू नका, आणि आपसांत वाटूनही घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सरकारने ठेवा घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश भाग मोबदला म्हणून मिळण्याची तरतूद त्यात आहे. मडक्याचे तुकडेही नाण्यांबरोबर द्या, आणि जागा कुठली ते कागदावर लिहून द्या.