काटा रिकामा राहतो, तरी रांग का लागते?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला की ट्रॉली निघते भुईकाट्याकडे. तिथे भरल्या गाडीचे वजन होते, मग ती व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन रिकामी होते आणि पुन्हा काट्यावर येते. भरल्या वजनातून रिकामे वजन वजा केले की कांद्याचे निव्वळ वजन ठरते, हिशोबपट्टी निघते. म्हणजे प्रत्येक ट्रॉली काट्यावर दोनदा चढते. रांगेचा हिशेब मांडणारे पुष्कळदा नेमके हेच विसरतात आणि गाड्या मोजतात. मोजायची असतात ती वजने.

समजा, एका काट्याकडे तासाला सरासरी 10 ट्रॉल्या येतात आणि एका वजनाला, म्हणजे गाडी काट्यावर चढण्यापासून उतरेपर्यंत, सरासरी अडीच मिनिटे लागतात. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्येक काट्याचे आकडे वेगळे निघतील. तासाला वजने होतात 20, आणि काट्याची क्षमता आहे तासाला 24. वीस भागिले चोवीस, म्हणजे 0.83. काटा 83 टक्के वेळ कामात आणि तासातली दहा मिनिटे मोकळा. इतकी उसंत असताना रांग लागू नये, असेच कोणालाही वाटेल.

पण ही दहा मिनिटे साठवून ठेवता येत नाहीत. पावणेअकराला काटा पाच मिनिटे रिकामा राहिला, तर ती पाच मिनिटे गेली. अकराला चार ट्रॉल्या एकदम आल्या तर त्यांना ती वापरता येत नाहीत. सरासरीने सगळे जमते, पण गाड्या सरासरीने येत नाहीत. त्या कधी लागोपाठ येतात, कधी बराच वेळ एकही येत नाही.

या अनियमितपणाला हिशेबात बसवले ते आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीपुढे प्रश्न होता कॉलच्या गर्दीचा. एर्लांगने 1909 च्या निबंधात दाखवले की एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांचे कॉल प्वासाँच्या नियमाने येतात. पुढच्या क्षणी कॉल येण्याची शक्यता मागचा कॉल कधी आला यावर अवलंबून नसते. प्रत्येक कामाला लागणारा वेळही असाच ‘विस्मरणशील’ मानला, तर हिशेब फार सोपा होतो. या दुसऱ्या गृहीतकाचा अर्थ असा: काट्यावरच्या गाडीला आधीच चार मिनिटे झाली असली, तरी तिला अजून लागणारा सरासरी वेळ अडीच मिनिटेच. छोटी कामे पुष्कळ आणि मधूनच एखादे लांबलेले, अशी ही मांडणी आहे.

आता नव्याने आलेल्या ट्रॉलीच्या जागी उभे राहून पाहू. गाड्या प्वासाँच्या नियमाने येत असतील, तर येणाऱ्या गाडीला सरासरी तेवढ्याच गाड्या पुढे दिसतात, जेवढ्या काट्यापाशी एरवी सरासरी असतात. या संख्येला L म्हणू. तिच्यात काट्यावर चढलेली गाडीही धरायची. विस्मरणाच्या गुणामुळे त्या प्रत्येकीला अजून सरासरी अडीच मिनिटे लागणार, मग आपली अडीच मिनिटे. म्हणून काट्यापाशी जाणारा एकूण वेळ W म्हणजे (L + 1) गुणिले अडीच मिनिटे. दुसरीकडून, जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की L म्हणजे येण्याचा दर गुणिले W. ही दोन समीकरणे जोडली, येण्याच्या दराला λ आणि कामाच्या दराला μ म्हटले, की उरते एवढेच:

W = 1 / (μ − λ)

आपल्या काट्यावर 24 वजा 20 म्हणजे 4. एक तास भागिले चार, म्हणजे 15 मिनिटे. त्यातली अडीच मिनिटे वजनाची, उरलेली साडेबारा निव्वळ थांबण्याची. ट्रॉलीला हे दोनदा करायचे असल्याने शेतकऱ्याची 25 मिनिटे रांगेत जातात. शिवाय ही सरासरी झाली. याच हिशेबाने दर नवव्या वजनाला अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबावे लागते.

सूत्रातले खरे दुखणे छेदात आहे. थांबणे ठरते ते क्षमता आणि मागणी यांच्यातल्या उरलेल्या फटीवर. तासाला 10 ऐवजी 11 ट्रॉल्या आल्या तर वजने 22 होतात आणि फट चारावरून दोनावर येते. काट्यापाशी जाणारा वेळ 15 मिनिटांवरून थेट 30 मिनिटांवर जातो. एका जादा ट्रॉलीने वेळ दुप्पट झाला! उलट बाजूनेही हे तितकेच तीव्र आहे. वजनाची पावती लवकर निघून अडीच मिनिटांची दोन मिनिटे झाली, तर क्षमता तासाला 30 होते, फट 10 होते आणि एकूण वेळ सहा मिनिटांवर येतो. त्यात थांबणे चारच मिनिटांचे. वाचले प्रत्येक वजनामागे अर्धे मिनिट; थांबणे मात्र एक तृतीयांशाहूनही कमी उरले. म्हणून गर्दीच्या काट्यावर दुसरा काटा बसवण्याआधी, गाडी काट्यावर उभी असताना कोणती कामे होतात आणि त्यातली कोणती खाली उतरल्यावर उरकता येतील, हे मी आधी पाहीन.

तीच गाडी परत येते, मग येणे ‘स्वतंत्र’ कसे, ही शंका रास्त आहे. फ्रँक केली यांनी 1975 मध्ये दाखवले की अशा फेऱ्यांच्या जाळ्यातही हे सूत्र टिकते; अट एवढीच की भरल्या आणि रिकाम्या वजनाचा वेळ एकाच प्रकारचा असावा.

गृहीतके मोडतात ती दुसरीकडे. वजनाचा वेळ खरे तर फारसा बदलत नाही. तो अगदी ठरावीक असेल, तर साडेबारा मिनिटांचे थांबणे निम्मे, म्हणजे सव्वासहा होते. इथे सूत्र जास्त वेळ सांगते. उलट लिलावाची फेरी आटोपताच ट्रॉल्यांचा घोळका काट्याकडे वळला, तर सूत्र कमी वेळ सांगते. घोळका आहे की नाही, हे घड्याळ आणि वही घेऊन तपासता येते. दर पाव तासात काट्याकडे किती गाड्या आल्या ते लिहावे. सरासरी पाच असेल, तर प्वासाँच्या नियमाने शंभरातल्या सुमारे 96 वेळा आकडा 1 ते 9 च्या आत पडतो. वहीत वारंवार शून्य आणि तेरा-चौदा दिसू लागले, की हे सूत्र बाजूला ठेवावे.

येणे क्षमतेपेक्षा वाढले, तर ‘सरासरी थांबणे’ अशी गोष्टच उरत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद होते. अशा बंदनंतर बाजार उघडतो तेव्हा साठलेला माल एकदम येऊ शकतो. तासाला 28 वजने आणि क्षमता 24 असेल, तर रांग दर तासाला चाराने वाढत जाते. गर्दी ओसरून येणे पुन्हा 20 वर आले, तरी तोवर साठलेली 40 वजने तासाला चारच्या वेगाने उतरायला दहा तास लागतात. दोन मिनिटांत वजन करणाऱ्या काट्यावर त्याच 40 वजनांना चार तास पुरतात.