अँटिबायोटिकनं पोट बिघडलं, तर गोळी थांबवायची का?

दाढेखाली पू झाला, गाल सुजला आणि दातांच्या डॉक्टरांनी चाळिशीतल्या एका बाईंना पाच दिवसांसाठी सकाळ-संध्याकाळ एक अशी ‘६२५’ लिहून दिली, असं समजा. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांना दोनदा पातळ शौचाला झालं, तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोनदा. पोटात गुरगुर होती, पण ताप नव्हता आणि शौचातून रक्त नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “गोळी उष्ण पडली, वाटीभर दही खा.” नवरा म्हणाला, “ती गोळीच बंद कर.” कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं न विचारताच जुलाबाच्या गोळ्यांची एक पट्टी पुढे केली. असे तीन सल्ले बहुतेक घरांत मिळतात. त्यातला कोणता कितपत बरोबर, हे समजायला आधी पोटात काय झालं ते पाहायला हवं.

त्या ६२५ मध्ये ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असतं आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. अमॉक्सिसिलिन जंतू मारतं आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड त्या जंतूंचा बचाव मोडतं. पण गोळी दाढेपुरतीच काम करत नाही. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात. आपल्याला न पचलेला स्टार्च आणि तंतू ते आंबवतात आणि त्यातून काही साधी आम्लं तयार करतात. याच आम्लांच्या मदतीनं आतड्याची भिंत मीठ आणि पाणी शोषून घेते. अँटिबायोटिकनं हे जिवाणू कमी झाले की न पचलेला भाग तसाच पडून राहतो, पाणी धरून ठेवतो आणि शौच पातळ होतं. शिवाय क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड स्वतःच आतड्याची हालचाल वाढवतं. म्हणून या जोडगोळीनं नुसत्या अमॉक्सिसिलिनपेक्षा जास्त जणांचं पोट बिघडतं.

यावर दोन साधे उपाय आहेत. गोळी जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यावी. त्यानं मळमळ कमी होते आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड नीट शोषलंही जातं. आपल्या उदाहरणातल्या बाई सकाळची गोळी नुसत्या चहाबरोबर घेत होत्या. दुसरी गोष्ट दुकानात घडते. ६२५ नसली की कधी कधी ‘३७५ च्या दोन घ्या’ असं सांगितलं जातं. पण ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५० असलं तरी क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड तेवढंच, म्हणजे १२५ असतं. दोन गोळ्यांत ते २५० होतं आणि जुलाबाची शक्यता वाढते. असा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

औषधवाल्याची पट्टी

तीन सल्ल्यांत सगळ्यात चुकीचा हा. जुलाबासाठी दुकानात हाताशी असणारी पट्टी अनेकदा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची असते, म्हणजे आणखी दोन जंतुनाशकं. पहिल्या औषधानं जिवाणू मेले म्हणून जुलाब लागले आणि त्यावर उरलेसुरले मारणारं औषध द्यायचं, असा हा प्रकार आहे. इथं बाहेरून आलेल्या जंतूंचा संसर्ग नसल्यामुळे या गोळीनं बरं होण्यासारखं काही नसतं. दोन दिवसांनी जुलाब थांबले तरी बहुधा ते आपोआपच थांबलेले असतात, पण श्रेय गोळीला जातं.

आतड्याची हालचाल मंदावणारी लोपेरामाइडची गोळीही अशीच सहज मिळते. ताप असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा पोट फुगून दुखत असेल, तर ती घेणं धोक्याचं आहे. अशा वेळी आतड्याला गंभीर सूज असू शकते आणि हालचाल बंद पाडल्यानं ती चिघळू शकते.

पहिल्या दिवसापासून खरी गरज असते पाण्याची आणि मिठाची. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घालावं. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकू नये. दर जुलाबानंतर साधारण पेलाभर, घोट घोट प्यावं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालतं. इथं चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा छोटा चमचा. खोक्यातली गोड पेयं याच्या जागी चालत नाहीत, कारण जास्तीची साखर आतड्यात आणखी पाणी ओढते.

सासूबाईंचं दही

दही खाण्यात काही गैर नाही. दुधापेक्षा त्यात दुग्धशर्करा कमी असते, म्हणून बिघडलेल्या पोटाला ते दुधापेक्षा सोसतं. मऊ भात आणि ताक हा बेत चांगलाच आहे. पण दह्यानं जुलाब थांबतीलच, असं सांगता येत नाही. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत आणि किती, हे घराघरांत वेगळं असतं. त्यातले बरेच जठराच्या आम्लात मरतात आणि चालू असलेलं अँटिबायोटिक आणखी काही मारतं. कढी उकळली की तर सगळेच मरतात. मग कढी हा आहार म्हणून उत्तम, पण जिवाणूंच्या हिशेबानं तिचा उपयोग नाही.

अमॉक्सिसिलिनबरोबर दही चालतं, पण सगळ्याच अँटिबायोटिकबरोबर चालत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन ही औषधं दही-दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात. मग ती रक्तात कमी पोचतात आणि संसर्ग बरा होत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन दही-दुधाच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावं.

प्रोबायोटिक म्हणजे ज्यातले जिवाणू कोणते आणि किती हे माहीत असतं, अशी तयारी. तिच्या बाजूनं पुरावा आहे, पण मर्यादित. मुलांवर झालेल्या ३३ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. अँटिबायोटिक घेताना प्रोबायोटिक न मिळालेल्या शंभरातल्या सुमारे १९ मुलांना जुलाब झाले, प्रोबायोटिक मिळालेल्यांपैकी सुमारे आठ जणांना. दिवसाला किमान पाचशे कोटी जिवंत जिवाणू पोटात गेले तेव्हा फायदा स्पष्ट दिसला. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हा जिवाणू आणि सॅकरोमायसिस बुलार्डी नावाचं यीस्ट यांची कामगिरी चांगली ठरली. उलट ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरच्या, रुग्णालयात दाखल झालेल्या २,९४१ जणांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यात प्रोबायोटिक आणि नकली गोळी यांत जुलाबाच्या बाबतीत फरक आढळला नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रोबायोटिक घ्यायचंच असेल, तर ते अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासून घ्यावं, कारण हा पुरावा जुलाब टाळण्याबद्दलचा आहे. जिवाणूंची कॅप्सूल आणि अँटिबायोटिक यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. बुलार्डी हे यीस्ट असल्यानं अँटिबायोटिकनं मरत नाही. मात्र बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलसारख्या औषधानं मरतं. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊ नये. अशा रुग्णांत हे जंतू क्वचित रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत.

नवऱ्याचा प्रश्न

गोळी बंद करायची का? याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. जुलाब कसे आहेत आणि गोळी कशासाठी चालू आहे.

दिवसाला तीन-चार पातळ शौच, ताप नाही, रक्त नाही, पाणी पोटात राहतंय, लघवी नेहमीसारखी होतेय. असं असेल तर हा औषधाचा नेहमीचा त्रास आहे. गोळी चालू ठेवून, ती जेवणाबरोबर घेऊन, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा. कोर्स संपल्यावर काही दिवसांत पोट ताळ्यावर येतं.

फोन करायचा तो परवानगीपुरता नाही. आपल्या उदाहरणातल्या बाईंची दाढ उघडून पू काढला असेल आणि सूज ओसरली असेल, तर डॉक्टर स्वतःच दिवस कमी करू शकतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या सूचनांनुसार दातांच्या संसर्गात तिसऱ्या दिवशी रुग्णाची पुन्हा विचारपूस करावी आणि लक्षणं पूर्ण गेल्यावर २४ तासांनी औषध थांबवता येतं. टायफॉइडमध्ये किंवा क्षयरोगात असं करून चालत नाही. तिथं बरं वाटल्यावर औषध सोडलं, तर आजार उलटतो. आणि गोळी साध्या सर्दीसाठी घेतली असेल, तर ती लागतच नव्हती. म्हणून हा निर्णय एका फोनचा आहे, घरातल्या मतांचा नाही. ताप वाढत असेल तर पर्यायी औषध तेच सुचवतील.

पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं ते काही ठरावीक लक्षणं दिसल्यावर. शौचातून रक्त किंवा आव जाणं, ताप, पोटात जोरदार कळा, पोट फुगणं, दिवसात सहा-सातपेक्षा जास्त पाण्यासारखे जुलाब, लघवी कमी आणि गडद होणं, उभं राहताना भोवळ येणं ही ती लक्षणं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर ती अ‍ॅलर्जी आहे. मग गोळी लगेच बंद करून थेट रुग्णालय गाठावं. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी जुलाब लागताच त्या घ्यायच्या की नाही हेही विचारावं, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की त्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

उशिरा येणारे जुलाब

रक्त आणि ताप यांची इतकी धास्ती घेण्याचं कारण क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू. आतड्यातली नेहमीची वस्ती विरळ झाली की तो फोफावतो आणि त्याच्या विषानं मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते. अँटिबायोटिकनंतरच्या गंभीर आतड्यासुजीमागे तो आहे, हे १९७८ मध्ये उघड झालं. क्लिंडामायसिन, सेफालोस्पोरिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं आणि आपली ६२५ यांच्यानंतर तो दिसू शकतो. वय ६५ च्या पुढे असेल, नुकतंच रुग्णालयात राहणं झालं असेल, तर धोका वाढतो. आम्लपित्ताच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत तो जास्त आढळतो, आणि आपल्याकडे अँटिबायोटिकबरोबर ती गोळी सर्रास लिहिली जाते.

त्याचं निदान शौचाच्या तपासणीत विष शोधून होतं आणि त्यावर वेगळं औषध, बहुधा तोंडानं घ्यायचं व्हँकोमायसिन, दिलं जातं. त्याचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत. रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी साबण आणि वाहत्या पाण्यानंच हात धुवावेत.

हा जिवाणू कोर्स संपून दोन-तीन महिने उलटल्यावरही जुलाब आणू शकतो. तोवर दाढ बरी होऊन गोळीचं नावही विसरलेलं असतं. म्हणून दिवाळीत लागलेल्या जुलाबांसाठी डॉक्टरकडे गेलात, तरी भाद्रपदात घेतलेलं अँटिबायोटिक त्यांना सांगा. रिकामी पट्टी किंवा जुनी चिठ्ठी जपून ठेवली असेल, तर तीही दाखवा.