अडखळणारा कर्सर आणि शेजारच्या पोर्टमधला गोंगाट

बिनतारी माउस एकाच वेळी दोन स्वतंत्र कामे करीत असतो. आपण पृष्ठभागावर किती आणि कोणत्या दिशेने सरकलो हे तो मोजतो, आणि ते मोजमाप रेडिओ लहरींवरून संगणकाला जोडलेल्या छोट्या रिसीव्हरपर्यंत, म्हणजे बोलीभाषेतल्या डोंगलपर्यंत, पोचवतो. पडद्यावरचा कर्सर थिजला किंवा भलतीकडे उडाला, तर या दोहोंपैकी कोणते काम बिघडले हे आधी ठरवावे लागते. तसे न करता सरसकट सेल बदलणे किंवा नवा माउस आणणे यात पैसे जातात आणि अनेकदा दोष जागच्या जागी राहतो.

हा भेद ओळखण्याचे साधन माउसवरच असते, ते म्हणजे त्याची बटणे. बटण दाबल्याची खबर आणि सरकल्याची खबर एकाच रेडिओमार्गाने जाते. मात्र सरकणे मोजण्याचे काम माउसच्या पोटाखालचा प्रकाशसंवेदक करतो आणि बटणाचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. म्हणून कर्सर वेडावाकडा धावत असताना क्लिक मात्र अचूक आणि तत्काळ लागत असेल, तर दोष संवेदकात किंवा त्याखालच्या पृष्ठभागात आहे असे मानावे. क्लिकही हुकत असेल किंवा उशिरा उमटत असेल, तर सेल आणि रेडिओमार्ग यांच्याकडे वळावे. कर्सर थिजलेला असताना लॅपटॉपच्या टचपॅडनेही तो हलत नसेल, तर अडथळा बहुधा संगणकातच असतो आणि माउसची तपासणी तेथेच थांबवता येते.

पृष्ठभागाची बाजू तुलनेने सोपी आहे. माउसखालचा संवेदक हा वस्तुतः एक अतिशय लहान कॅमेरा असून तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांतील बारीक खुणा कितपत सरकल्या यावरून हालचाल काढतो. स्वच्छ काचेत अशा खुणाच नसतात, आणि चकचकीत ग्रॅनाइटवर किंवा गुळगुळीत सनमायकावर प्रकाश आरशासारखा परावर्तित झाल्याने त्या दिसेनाशा होतात. परिणामी हात स्थिर असतानाही कर्सर थरथरतो किंवा एका बाजूला वाहत जातो. माउसखाली वर्तमानपत्राचे पान ठेवून पाहणे ही यावरची सर्वांत विश्वसनीय चाचणी आहे, कारण त्या कागदाचे तंतू आणि छपाई संवेदकाला हव्या तेवढ्या खुणा पुरवतात. पानावरही थरथर कायम राहिली, तर संवेदकाच्या खिडकीत अडकलेला केस किंवा धुळीचा कण कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच काढावा.

सेलच्या बाबतीत एक गैरसमज दूर करण्याजोगा आहे. जुना पेन्सिल सेल भिंतीवरचे घड्याळ चालवतो म्हणून तो माउसलाही चालेल असे गृहीत धरले जाते. परंतु सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला त्याच्या आतूनच होणारा विरोध, वाढतो, आणि माउस संदेश पाठवताना क्षणभर अधिक प्रवाह मागतो तेव्हा व्होल्टेज नेमके त्याच क्षणी खाली बसते. अल्कलाइन सेल नवा असताना सुमारे १.५ व्होल्ट देतो, तर पुन्हा चार्ज होणारा निकेल सेल साधारण १.२ व्होल्ट; त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा सेल पूर्ण भरलेला असूनही काही माउस तो संपत आल्याचा इशारा देतात. सेलच्या खोबणीतील पत्रीवर पांढरी पूड दिसली तर ती गळलेल्या अल्कलीची असते. थोडेसे व्हिनेगर लावलेल्या काडीने ती पुसावी आणि पत्री पूर्ण कोरडी करूनच नवा सेल बसवावा.

नवा सेल घालूनही क्लिक हुकत असतील, तर मग प्रश्न रेडिओचा ठरतो, आणि येथेच सर्वाधिक फसगत होते. डोंगलवर चालणारे बहुतेक माउस २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. या पट्ट्यात ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याविना प्रक्षेपण करता येते, आणि म्हणूनच वाय-फाय व ब्लूटूथही तेथेच असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनची लहरदेखील २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासची असते. अशा गर्दीत बरेच माउस वाहिनी बदलून, म्हणजे पट्ट्यातील मोकळा तुकडा शोधून, वाट काढतात. वाय-फाय त्या पट्ट्याचा काही भागच व्यापत असल्याने हा उपाय त्याच्याविरुद्ध बऱ्यापैकी चालतो, आणि ओव्हनचा त्रास तो बंद होताच संपतो. मात्र एक शेजारी असा आहे की ज्याच्यापुढे वाहिनी बदलून फारसे साधत नाही.

तो शेजारी म्हणजे यूएसबी ३.० पोर्टला जोडलेले उपकरण. या पोर्टची प्लास्टिकची जीभ बहुधा निळी असते, आणि त्याच्या वेगवान तारांतून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. एकाआड एक शून्य-एक असे बिट आले तर तो संकेत २.५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे माउसच्या पट्ट्याला अगदी खेटून असलेला होतो. प्रत्यक्षात बिट मुद्दाम विस्कटून पाठवले जात असल्याने त्यांची ऊर्जा रुंद पट्ट्यावर पसरते, आणि जोडणीच्या फटींतून किंवा हलक्या प्रतीच्या केबलमधून झिरपणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सलग व्यापतो. इंटेल कंपनीने २०१२ साली याच विषयावर प्रसिद्ध केलेल्या टिपणात हा गोंगाट सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या मापात शंभर पटींनी, वाढू शकतो असे दाखवले आहे.

समजा, टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाच्या मागच्या बाजूस डोंगल आहे आणि त्याला लागूनच बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली आहे. एरवी कर्सर सुरळीत चालतो, पण डिस्कवर छायाचित्रे उतरवायला घेतली की तो दर काही क्षणांनी थिजतो आणि मग एकदम पुढे उडी घेतो. ही उडी अर्थपूर्ण आहे, कारण पोच न मिळालेले सरकणे अनेक माउस साठवून ठेवतात आणि वाट मोकळी होताच एकत्र पाठवतात. प्रत उतरवणे थांबवताच कर्सर सुधारला आणि पुन्हा सुरू करताच बिघडला, तर निदान जवळपास निश्चित झाले. डिस्क नुसती जोडलेली असतानाही थोडा त्रास राहू शकतो, म्हणून ती काढूनही एकदा पाहावे. डोंगलच निळ्या पोर्टमध्ये असेल, तर तेवढ्यावरून पोर्टला दोष देऊ नये. डोंगल स्वतः वेगवान तारा वापरत नाही, गोंगाट शेजारच्या जोडणीतून येतो.

उपाय अंतराचा आहे. यूएसबी २.० ची साधी एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल टेबलावर, माउसपासून वीतभर अंतरावर आणावा. वेगवान तारा नसलेली ही स्वस्त केबल डोंगलला पूर्ण पुरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की रेडिओची शक्ती चतुर्थांश होते, त्यामुळे या एका हालचालीने गोंगाट दूर जातो, माउस जवळ येतो आणि मधे उभी असलेली संगणकाची धातूची पेटीही बाजूला होते. लॅपटॉपवर, जेथे पोर्ट बोटभर अंतरावर असतात, डोंगल एका कडेला आणि डिस्क दुसऱ्या कडेला लावणे हा त्याचाच छोटा अवतार होय, आणि तेवढ्याने भागले नाही तर डिस्कची केबल चांगल्या आवरणाची घेऊन पाहावी.

फक्त काही मिनिटे हात न लावल्यानंतरची पहिली हालचाल हुकत असेल आणि पुढे सर्व ठीक चालत असेल, तर त्यात गोंगाटाचा संबंध नसतो. वीज वाचवण्यासाठी झोपी गेलेला माउस किंवा संगणकाने निजवलेला पोर्ट जागा होण्यास तेवढा वेळ घेतो.