पडलेल्या इअरफोनमधली खुळखुळ

इअरफोन हातातून निसटून फरशीवर पडला की बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. एखादा ओरखडा, फार तर कडेला चेपलेली जागा. पण कानाजवळ धरून हलवला की आत काहीतरी खुळखुळतं, आणि गाणं लावलं की आवाज कोरडा, टोचणारा येतो. बहुतेक लोक इथेच तो टाकून देतात, किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेतात आणि दुकानदार नवीन घ्यायला सांगतो. माझं म्हणणं असं आहे की टाकण्याआधी त्या खुळखुळीचं मूळ शोधावं. काही बिघाड चिमूटभर डिंकाने जातात, काही कितीही खर्च केला तरी जात नाहीत, आणि दोन्ही सुरुवातीला जवळजवळ सारखेच ऐकू येतात.

आत काय असतं ते आधी पाहू. साध्या तारेच्या इअरफोनमध्ये बटणाएवढा एक गोल भाग असतो, साधारण ६ ते १२ मिलिमीटर व्यासाचा. याला ड्रायव्हर म्हणतात. त्यात एक छोटं पण ताकदवान लोहचुंबक, त्याभोवतीच्या अरुंद फटीत तरंगणारी बारीक तारेची कॉइल आणि कॉइलला चिकटवलेला अतिशय पातळ पडदा असतो. कॉइलमधून विजेचा प्रवाह बदलत वाहिला की ती पुढेमागे होते, पडदा हलतो आणि हवा हलते. सबंध इअरफोनमध्ये सगळ्यात जड वस्तू म्हणजे हाच ड्रायव्हर, आणि तो कवचाच्या आत डिंकाच्या एका पातळ कड्याने धरलेला असतो. इअरफोन फरशीवर आपटतो तेव्हा कवच जागीच थांबतं, पण जड ड्रायव्हर पुढे जायला पाहतो. सगळा ताण डिंकाच्या त्या कड्यावर येतो आणि कडं सुटतं. कवच धातूचं असेल तर ते धक्का शोषत नाही, म्हणून दिसायला दणकट असलेल्या इअरफोनमध्येही हा प्रकार होतो.

ड्रायव्हर सुटला म्हणून खुळखुळ होते हे समजण्यासारखं आहे. पण आवाज कर्कश का होतो? ड्रायव्हर कवचाचे दोन भाग करतो, कानाच्या बाजूची पुढची पोकळी आणि मागची पोकळी. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मध्ये डिंकाचं कडं घट्ट असेल तर दोन्ही हवा वेगळ्या राहतात. कडं सुटलं की कडेच्या फटीतून पुढची दाबलेली हवा सरळ मागे निघून जाते. खालच्या स्वरांत पडदा सावकाश हलतो, त्यामुळे हवेला फटीतून निसटायला भरपूर वेळ मिळतो आणि ते स्वर जवळजवळ नाहीसे होतात. वरचे स्वर इतके जलद असतात की त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. थोडक्यात, तीव्र आवाज वाढलेला नसतो. त्याला भरणारा खर्ज गेलेला असतो.

नॉझल सैल झाल्यावर परिणाम असाच होतो, फक्त गळती वेगळ्या जागी असते. नॉझल म्हणजे पुढची ती नळी, जिच्यावर रबरी टोपी चढते. ती मुळाशी हलायला लागली की हवा कानाच्या आत न जाता बाहेर निसटते. शिवाय नळीच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते तिचं काम फक्त कानातला मळ अडवण्याचं नसतं. अनेक इअरफोनमध्ये तीच जाळी वरच्या स्वरांतला तीव्रपणा थोडा दाबून धरते. पडल्यामुळे जाळी सुटून आत गेली, तर ‘स’ आणि ‘श’ खरोखरच टोचू लागतात. ही सुटलेली जाळीही खुळखुळते, पण तो आवाज हलका, कागदी असतो. सुटलेला ड्रायव्हर ठसठशीत ठकठक करतो.

माझी भाची गाणं शिकते. काळी चारच्या सुरात ॲपवर तानपुरा लावून ती रियाज करते. तिचा धातूच्या कवचाचा, तारेचा, सोळाशे रुपयांचा इअरफोन टेबलावरून फरशीवर पडला. दोन दिवसांनी ती म्हणाली, “मामा, उजवीकडचा तानपुरा पातळ लागतोय, आणि मधेच जवारी फाटल्यासारखी वाटते.” तिचं निदान अर्धं बरोबर होतं, पण तानपुऱ्यावर पुढचं काही ठरवता येईना. जवारीचा गुणच झणझणण्याचा. इअरफोनमधली भुरभुर त्यात सहज लपते. अशा वेळी एकच शुद्ध स्वर हवा. ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सलग स्वर देणारी मोफत टोन जनरेटर ॲप मिळतात. आवाज अगदी कमी ठेवून साधारण ४० हर्ट्झपासून हळूहळू वर जायचं. काळी चारचा खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे तिचा अडचणीचा भाग याच पट्ट्यात होता.

डाव्या कानात स्वर ४० पासूनच ऐकू आला. उजव्या कानात १५०च्या खाली जवळजवळ शांतता होती, आणि ९०च्या आसपास झिर्र असा आवाज येत होता. पहिली शंका फोनकडून येणाऱ्या आवाजाची, म्हणून फोनमध्ये मोनो ऑडिओ चालू केला, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखा आवाज जातो. फरक तसाच राहिला. मग रबरी टोप्या आणि कान, दोन्ही अदलाबदल केले. दोष त्याच इअरफोनबरोबर गेला. म्हणजे टोपी नीट न बसल्याचाही प्रश्न नव्हता. पडण्याच्या घटनेशी संबंध नसलेले कर्कश आवाज बऱ्याचदा याच टोपीमुळे येतात, म्हणून ही पायरी गाळू नये.

आता मुख्य प्रश्न उरला, काहीतरी सुटलंय की कॉइल घासतेय? लोहचुंबक आपल्या जागेवरून केसभर जरी सरकलं तरी फट एका बाजूला बंद होते आणि कॉइल दर हेलकाव्याला धातूला घासते. हे ओळखायची एक सोपी रीत आहे. खालचा स्वर चालू ठेवून डोकं एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर कलवायचं. सुटलेली वस्तू वजनाने जागा बदलते, त्यामुळे झिरझिर वाढते, कमी होते, कधी पूर्ण थांबते. घासणारी कॉइल सहसा कोणत्याही कुशीवर तशीच घासते, आणि एकाच स्वरावर नव्हे तर सगळ्याच खालच्या स्वरांवर भुरभुरते. भाचीने उजवा कान वर करून मान कलवली तेव्हा झिरझिर थांबली आणि खर्जही थोडा परत आला. ड्रायव्हर आपल्या वजनाने पुन्हा जागेवर टेकला होता. इतका स्पष्ट पुरावा मिळाल्यावर उघडायला हरकत नव्हती.

मल्टिमीटर लावून कॉइलचा रोध मोजणारे दुकानदार आहेत. बरेचसे इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचे असतात, आणि मोजणी त्याच्या जवळपास आली की ‘ड्रायव्हर ठीक आहे’ असं सांगतात. मोजणी फक्त तार तुटलेली नाही एवढंच सांगते. घासणारी कॉइलसुद्धा बरोबर तोच आकडा दाखवते.

कवच दोन भागांचं होतं आणि सांधा डिंकाचा. हेअर ड्रायरने मिनिटभर कोमट केलं, मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी फटीत फिरवली. लोखंडी चिमटा किंवा स्क्रू ड्रायव्हर इथे आणू नये; चुंबक त्याला खेचतं आणि टोक थेट पडद्यात घुसतं. पडदा फाटला की संपलं. आतल्या तारा केसाएवढ्या बारीक असतात, म्हणून झाकण ओढून न काढता पुस्तकासारखं उलगडलं. ड्रायव्हर खरोखरच कड्यातून सुटला होता, पडदा शाबूत होता. तारांना हात लावला नाही. सोल्डर करायची वेळ आली आणि दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर त्या बाजूचा पडदा दुसऱ्याच्या विरुद्ध हलतो आणि दोन्ही कानांनी ऐकताना खर्ज पुन्हा पातळ होतो. लोकांना वाटतं दुरुस्ती फसली, प्रत्यक्षात फक्त तारा उलट्या असतात.

जुना डिंक लाकडी काडीने खरवडला. मोबाइलचे पडदे चिकटवायला कारागीर वापरतात तो बी-७००० नावाचा डिंक काडीच्या टोकाने कवचाच्या कड्यावर लावला, ड्रायव्हरवर नाही, आणि ड्रायव्हर हलक्या दाबाने बसवला. झटपट चिकटणारा सुपरग्लू इथे चालत नाही. तो पातळ असल्यामुळे फटीत ओढला जातो, त्याची वाफ पडद्यावर पांढरी साय धरते, आणि वाळल्यावर तो इतका ठिसूळ होतो की पुढच्या पडण्यात तडकतो. ड्रायव्हरच्या पाठीवरचं छिद्र आणि कवचावरचं सुईच्या टोकाएवढं भोक मोकळं राहील याची काळजी घेतली. ती भोकं हवेचा दाब जुळवण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असतात; ती बुजली की खर्ज पुन्हा बिघडतो. पूर्ण एक दिवस वाळू दिल्यावर कवच बंद केलं. ४० हर्ट्झचा स्वर दोन्ही कानांत सारखा आला, आणि एकट्या गायिकेचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये उभा राहिला. तो बाजूला सरकलेला वाटला असता तर एक बाजू अजून गळतेय असं समजायचं.

नुसतं नॉझल हलत असेल तर कवच उघडायचीही गरज नसते. टोपी काढून, नळी बोटांत धरून हळूच हलवावी आणि त्याच वेळी गाणं चालू ठेवावं. हलवताना खर्ज येत-जात असेल तर दोष तिथेच आहे. मुळाशी डिंकाचं बारीक कडं फिरवून, जाळीत थेंबही जाणार नाही असं पाहून, एक दिवस उभं ठेवलं की काम होतं. टोपी काढताना ती नळीसकट ओढायची सवय अनेकांना असते, त्यानेही नॉझल सैल होतं. कानात घालताना येणारी ‘टक्’ किंवा कागद चुरगळल्यासारखी करकर मात्र बिघाड नाही; हवेच्या दाबाने पडदा क्षणभर आत दबतो, एवढंच.

कुठे थांबायचं तेही सांगायला हवं. कुशी बदलूनही भुरभुर तशीच राहिली, म्हणजे कॉइल घासतेय, तर ड्रायव्हर बदलण्याखेरीज उपाय नाही. सुटे ड्रायव्हर स्वस्त मिळतात, पण ते दुसऱ्या बाजूशी जुळत नाहीत; दोन्ही बाजू बदलल्या तरी मूळचा सूर परत येत नाही. पाच-सहाशेच्या इअरफोनसाठी ही खटपट करू नये. महागड्या इअरफोनमध्ये बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे चिमुकले बंद ड्रायव्हर असतात. त्यातली धातूची जीभ आपटल्यावर वाकून चुंबकाला टेकते आणि आवाज घोगरा होतो. तो भाग घरी उघडताच येत नाही. ज्या कंपनीचा आहे तिच्याकडे तो बदलून घ्यावा लागतो, आणि तो खर्च आधी विचारून घ्यावा. वॉरंटी असेल तरी पडझड बहुधा तिच्यात बसत नाही, आणि उघडल्यावर उरलेलीही जाते.

बिनतारी, सुट्या इअरबडचं कवच मात्र पट्टी घालून उघडू नये. आत लिथियमची बॅटरी ड्रायव्हरला खेटून बसलेली असते आणि पट्टीचं टोक तिला लागलं तर ती पेट घेऊ शकते. त्यातलं नॉझल बाहेरून चिकटवणं तेवढं करता येतं. आत खुळखुळ असेल तर कंपनी एकच बड सुटा विकते का ते विचारावं. जोडीच्या किमतीच्या निम्म्याहून तो महाग पडत असेल, तर पैसे नव्या जोडीवर घालणं बरं.