आजीच्या उशाशी म्हणायचे बोल

आपल्या बारामती-इंदापूरकडं एकाच वाडीत माळकरी, मुस्लिम, बौद्ध अशी सगळी घरं असतात. म्हातारं माणूस शेवटच्या घटका मोजू लागलं की शेजारपाजार जमतो, आणि उशाशी कुणी काय म्हणायचं ते कळत नाही. म्हणून कुणालाही म्हणता येईल अशी ही प्रार्थना आम्ही सांगतो आहोत.

“आजी, आम्ही सगळी इथंच आहोत.
ज्या आधारानं तू जन्मभर चाललीस, तो आधार तुझ्याजवळ असू दे.
तुझ्या हातचं खाऊन आम्ही मोठी झालो.
आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाल.
तुझं राहिलेलं आम्ही बघू.
तुझा श्वास हलका होऊ दे. भिऊ नकोस.”

‘आधार’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. त्यात आजीचा विठ्ठल येतो, अल्ला येतो, बुद्धांची शिकवण येते. देव न मानणाऱ्या आजोबांनाही तो चालतो. नातवंडं ‘तू’ म्हणतील, सून ‘आत्या, तुम्ही’ म्हणेल. रोजची हाक बदलू नका.

‘राहिलेलं बघू’ म्हणताना खरी गोष्ट सांगा. समजा, आजी सारखी म्हशीचं विचारत होती. तर “म्हशीला वैरण घातली, धारही काढली” असं सांगा. जमणार नाही असं वचन मात्र देऊ नका.

एकीनंच कानाजवळ बसून, हात हातात घेऊन, नेहमीच्या आवाजात म्हणावं. एक ओळ झाली की थोडं थांबावं. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत असावं असं धरूनच बोलावं; जमिनीची वाटणी तिथं काढू नये. या वेळी श्वास मध्येच थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. घाबरून हलवू नका, रडून गलका करू नका. घशात घरघर वाजत असेल तर हलकेच कुशीवर वळवा.

पाण्याचं मात्र नीट ऐका. गंगाजल असो की जमजम, शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात चमच्यानं ओतू नका. गिळता येत नाही, पाणी श्वासनळीत जातं आणि ठसका लागून जीव घुसमटतो. स्वच्छ कापूस भिजवून, पिळून, ओठांवरून फिरवा. तुळशीचं पान ओठांना नुसतं टेकवलं तरी रीत पाळली जाते.

कण्हणं, तळमळ, कपाळावर आठ्या दिसल्या तर वेदना असू शकते. तेव्हा प्रार्थनेवर भागवू नका. डॉक्टरांना बोलवा, दुखणं कमी करणारं औषध मागा. औषध दिल्यावर चेहरा सैल पडला की पुन्हा पहिल्या ओळीपासून, सावकाश म्हणा.